प्रश्नचिन्हासकट वाचलेलं पुस्तक

यवतमाळच्या छापखान्यात मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासता तपासता माझं डोकं पार शिणून गेलंय. त्यात दिग्रसच्या एका काकांचं पुस्तक आलं. काका कचेरीतून निवृत्त झालेले, काचबिंदूनं नजर गेलेली. वारलेल्या बायकोच्या आठवणी त्यांनी मोबाईलला तोंडी सांगून टाइप करून घेतल्या आणि त्यांच्या पुतणीनं त्या तशाच पाठवून दिल्या. मोबाईलला शब्द कळतात, प्रश्न कुठे कळतो? पानंच्या पानं संवाद आणि प्रश्नचिन्ह एकही नाही. कुठे 'का' मागच्या शब्दाला चिकटलेला. वैताग नुसता.

वर्षश्राद्धाला पुस्तक हातात हवं होतं. काकांना दिसत नाही, तेव्हा मी चिन्हांसकट मोठ्यानं वाचायचं आणि त्यांनी ऐकून होकार द्यायचा, असं ठरलं. आमच्याकडे ही पद्धत जुनीच आहे. ते सकाळच्या एसटीनं येत आणि माझ्या टेबलाशी बसत.

"'जेवले का', 'का' सुटा, प्रश्नचिन्ह. 'एवढा उशीर काहून केला', प्रश्नचिन्ह."

'काहून'च्या जागी 'का' करू का, असं मी विचारून पाहिलं.

"नको बाई. थे तशीच बोले, माही बायको."

पुढे त्यांचं स्वतःचं वाक्य होतं, 'ती कशी गेली ते मला समजलं नाही'. मी म्हटलं, "काका, 'कशी' आहे, पण इथे प्रश्नचिन्ह येत नाही. वाक्य विचारत नाही, सांगतं."

"नसन येत तर नका देऊ," ते म्हणाले.

तिसरं मुद्रित स्वच्छ निघालं. तरी काका दुसऱ्या दिवशी हजर. "मधात कुठंतरी एखादं चिन्ह राह्यलं वाटते." मी पुन्हा वाचलं. काही राहिलं नव्हतं. त्यानंतरच्या दिवशीही तेच. इकडे मालक कागद आणून बसलेले, माझी सही झाल्याशिवाय छपाई सुरू होईना. मला खरंच राग आला होता. एवढी मरमर करायची आणि वर आपल्याच कामावर शंका.

त्या रागातच भराभर वाचत होते. "'गोळी घेतली काय', प्रश्नचिन्ह."

"घेतली," काका हळूच म्हणाले.

मी मान वर केली. ते डोळे मिटून बसले होते. मी ऐकलंच नाही असं दाखवून पुढे वाचत राहिले, पण आवाज आपोआप सावकाश झाला. शेवटचं पान संपलं तेव्हा त्यांना म्हटलं, "काका, एकही चूक नाही आता. सही करू ना? नाहीतर वर्षश्राद्धाला पुस्तक व्हायचं नाही."

त्यांनी टेबलावरचे कागद हातानं चाचपले.

"करा," म्हणाले. "पण बाई, छापून झाल्यावर मले हे कोन वाचून दाखवन?"

बाहेर मालक हाका मारत होते. मी सही केली.