रुपरावजींना सगळं माहीत होतं

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, रुपरावजी. सदर भागातल्या एका सरकारी कचेरीत ते आवकजावक लिहीत, आणि उरलेल्या वेळात जगाला शहाणं करत. सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्यांच्याइतकं जाणणारा माणूस नव्हता, असं त्यांचंच मत होतं. कोणी नुसतं "काहून?" म्हणायचा अवकाश, की हे टोपी सरळ करून सुरू व्हायचे. उत्तर खरं आहे की खोटं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. ते मिळालं पाहिजे आणि तेही यांच्याच तोंडून, एवढंच.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्यापुढे डोक्यावर पदर. भासऱ्याशी सुनेनं बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यांना मला काही सांगायचं असलं की ते भिंतीकडे बघून म्हणायचे, "चहात साखर कमी आहे, असं म्हणून राहिलो." मी भिंतीआडून साखर द्यायची. नऊ वर्षं त्यांचं ज्ञान मी गपगुमान ऐकलं, आणि खरं सांगते, त्या रीतीचा जितका राग मला आला तितका सासुरवासाचाही आला नाही.

दिवाळी आली की त्यांना भरतं यायचं. माझी मुलगी छबू तेव्हा पाच वर्षांची. तिने विचारलं, "मोठे बाबा, आपण दिवे काहून लावतो?"

"पावसाळ्यातले किडे मरावे म्हणून. शास्त्र आहे ते."

"अन रांगोळी?"

"मुंग्याइले खायले."

आमच्या घरी रांगोळी यायची ती बाजारातली पांढऱ्या दगडाची भुकटी. दगड खाणारी मुंगी मी अजून पाहिलेली नाही. पण रुपरावजींनी पाहिली असेल, त्यांचं काय सांगावं.

त्याच वर्षी, म्हणजे बहात्तर सालच्या धनतेरशीला, आम्ही यमाचा दिवा लावला. त्या दिव्याची तऱ्हा वेगळी. कणकेत हळद घालून घट्ट गोळा मळायचा, मीठ घालायचं नाही. अंगठ्याने खळगी करायची, कापसाची वात, चमचाभर तेल. तिन्हीसांजेला दाराबाहेर ठेवायचा, ज्योत दक्षिणेकडे. एरवी दिव्याचं तोंड कोणी दक्षिणेला करत नाही, ती यमाची दिशा. हा एकच दिवस तसा, घरातल्या कोणाला अवेळी मरण येऊ नये म्हणून. छबू फाटक लोटायला विसरली, शेजारच्या पार्वतीबाईंची बकरी आत आली आणि दिवा खाऊन गेली. आम्ही हसलो. रुपरावजीही हसले, आणि टोपी सरळ करून छबूला म्हणाले, "झालं! यमाचा दिवा गेला. आता अंधारात तो कोणत्या घरात शिरते, पाहा."

हे शेवटचं बोलणं मला त्या वेळी माहीत नव्हतं. मी तोवर चुलीपाशी परतले होते. मला कळलं ते वर्षभराने.

मधल्या काळात माझा नवरा गोविंदा गेला. पौष महिन्यात कावीळ झाली, आठ दिवसांत संपलं. सायकली दुरुस्त करायचा, कधी कोणाला उलटून बोलला नाही. मी किती रडले ते इथे सांगत बसत नाही. छबू मात्र रडली नाही. सगळे म्हणाले, लेकरू आहे, तिला काय समजते. रुपरावजींनी तर त्याचंही शास्त्र सांगितलं.

पुढची दिवाळी आली. मरणाला वर्ष झालं नव्हतं, म्हणून फराळ नाही, पणत्यांची ओळ नाही, रांगोळी नाही. यमाचा दिवा मात्र लावायचा, कारण तो उरलेल्यांसाठी असतो, असा रुपरावजींचा हुकूम भिंतीमार्फत आला. मी कणीक मळली आणि छबूला हाक मारली, "ये वं, खळगी कर." दरवर्षी ती तिचंच काम. पोरीने दोन्ही हात फ्रॉकमागे लपवले.

"मी नाही हात लावत."

"काहून?"

"माझ्यानं पुन्हा कोणी मरन."

मी पोरीला जवळ ओढलं. मग एकेक शब्द निघाला. फाटक, बकरी, अंधारात शिरणारा यम, आणि दोन महिन्यांनी बाबा. दहा महिने हे एवढंसं लेकरू बापाला आपण मारलं असं समजून निजत होतं, उठत होतं, शाळेत जात होतं. आणि आम्ही म्हणत होतो, तिला काय समजते.

मला रडू आलं नाही. संताप आला. पण आधी पोरगी.

"चाल," म्हटलं, "गल्ली पाहू." अजून उजेड होता. दारोदार कणकेचे दिवे लागले होते. दोन विझलेही होते. "चमचाभर तेल, अर्धा तास जळते. सगळ्यांचाच विझते. कोणी पुन्हा लावत नाही." पार्वतीबाईंच्या दारातला दिवा तर त्यांच्याच बकरीच्या तोंडात होता. पार्वतीबाई तिला हाकलतही नव्हत्या.

"तुमचा दिवा खाल्ला!" छबू ओरडली.

"खाऊ दे वं," त्या म्हणाल्या. "नाही त सकाळी आपणच गाईपुढे टाकतो. कणीक आहे, फेकाची थोडी आहे?"

घरी येऊन मी उंबऱ्याबाहेरची जमीन सारवली. डबा काढला, चिमटीत रांगोळी धरली आणि चार रेघांचा चौक काढला. "दिवा नुसत्या भुईवर ठेवत नाही. पाहुण्याले पाट देतो ना, तसा हा. अन परवा अवस आहे, चंद्र नसते. लक्ष्मी त्या अंधारात घरं पाहत फिरते म्हणतात. जिथं झाडलेलं आहे, उजेड आहे, तिथं येते. मी काही तिले पाहिली नाही. पण दिवा अन रांगोळी म्हणजे आपलं सांगणं, की या घरात माणसं आहेत, या."

"बाबा नाही तरी?"

"तू आहेस, मी आहो."

तिने अंगठ्याने खळगी केली. तेवढ्यात रुपरावजी सायकल घेऊन फाटकात आले. चौक पाहिला आणि भिंत शोधू लागले. "वर्षाच्या आत दारात रांगोळी! लोक काय म्हणतीन?"

मी पदर डोक्यावरच राहू दिला, पण वळले आणि सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. "भाऊजी, मागच्या साली तुम्ही या पोरीले यमाचं काय सांगितलं, ते आठवा. तवापासून ही पोरगी बापाले आपणच मारलं असं समजून राहिली. आता तिले खरं सांगा."

त्यांचा हात टोपीकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. छबू त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. शेवटी ते खाली बसले, आणि आवाज अगदीच बारीक झाला.

"नाही वं पोरी. दिव्यानं काही नाही होत. गोविंदाले कावीळ झाली होती. मी तसाच बोललो होतो."

छबूने अंगठ्याची कणीक फ्रॉकला पुसली.

"मंग तुम्हाले माहीत नव्हतं त मले काहून सांगितलं?"

मी काडी ओढली आणि पोरीच्या हातात दिली.