सुईणीच्या घरातली शांतता

आमच्या मालकांना शांततेचा राग होता. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका दुकानामागे दोन खोल्यांत त्यांनी स्टुडिओ थाटला होता. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, टेबलावर टेपची दोन स्पूल मशिनं, आवाज मिसळायचा एक लहान मिक्सर, आणि या सगळ्याच्या मधोमध मालक. बोलत असलेले. कोणी बोलत नसेल तर ते शीळ घालत, आणि शीळही घालता येत नसेल तेव्हा किल्ल्या वाजवत. असा माणूस आवाजाच्या धंद्यात कसा शिरला, हे मला कधी कळलं नाही. घशाचा त्रास असलेल्याने गाण्याचा क्लास काढावा तसं ते होतं.

मला त्यांनी इंग्रजी पत्रं लिहायला ठेवलं होतं. कॉन्व्हेंटमधून आलेली मुलगी, बोलत नाही, म्हणजे उलट उत्तर देणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. मशिनीबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक मी रिकाम्या वेळात वाचून काढलं होतं. ते त्यांनी कधी उघडलं नव्हतं.

ऐंशीनंतरची पहिली काही वर्षं असतील. सुरगाण्याकडच्या सुईणींच्या शिबिरासाठी स्लाइड आणि कॅसेटचा कार्यक्रम करायचं काम आलं. काम देणाऱ्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या आणि सरळ होत्या. त्यांची एकच अट होती: एका म्हाताऱ्या सुईणीचं बोलणं तिच्याच आवाजात हवं. "शहरातली बाई सांगते म्हणून कोणी पाणी उकळायचं नाही. ही सांगते म्हणून उकळतील," असं त्या म्हणाल्या.

आम्ही जीपने गेलो. कुडाच्या भिंतींचं घर, चुलीत लाकूड तडतडत होतं, पलीकडे कोणीतरी सुपाने नागली पाखडत होतं. मी मायक्रोफोन लावला, सुईण आजींना थोडं बोलायला सांगून आवाजाची पातळी ठरवली. पुस्तकात वाचलेलं मनात होतं म्हणून, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, मी आपण होऊन बोलले.

"सर, आधी एक मिनिट कोणी न बोलता नुसत्या खोलीचं रेकॉर्डिंग करून ठेवूया का? पुढे जोडताना लागतं."

"शांतता रेकॉर्ड करायची?" मालक जीपवाल्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस का? उद्या मॅडम अंधाराचा फोटो काढायला सांगतील!"

जीपवाला हसला. त्याला हसणं भाग होतं. "मशिन चालू करा, मी आलोच," असं म्हणून मालक कॅमेरा आणायला बाहेर गेले आणि तिकडे कोणाला तरी फोटोसाठी उभं राहायचं कसं, ते शिकवत बसले. बरेच लांब, आवाज आत येत नव्हता.

मी मशिन चालू केलं. आता मीच पहिला प्रश्न विचारायला हवा होता. तो मला विचारता येईना. आजी माझ्याकडे पाहत होत्या, मी फिरणाऱ्या स्पूलकडे. एकदा कोंबडा आरवला. मालक परत येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.

मग मालकांनी प्रश्न विचारले आणि आजी सुंदर बोलल्या. "पाणी खळखळलं का मंगच नाळ कापायचं बलेट टाकायचं. तेच्या आदी नाय. लय घाई करतात बाया."

नाशिकला आल्यावर मालकांनी टेप कापायला हाती ब्लेड घेतलं. आजींचे खोकले कापले, आठवताना घेतलेले थांबे कापले, स्वतःचे प्रश्नही कापले (या एकाच कापाबद्दल मी त्यांची ऋणी आहे). आणि वाक्यांमध्ये श्वासाला जागा हवी म्हणून पांढरी कोरी पट्टी जोडली, जिच्यावर काहीच आवाज नसतो. "क्लीन! एकदम क्लीन!"

डॉक्टरीणबाईंनी ऐकलं. आजींचं वाक्य, मग एकदम विहीर. पुन्हा वाक्य, पुन्हा विहीर. बोलताना चूल, वारा, सूप सगळं असायचं. वाक्य संपलं की घरच नाहीसं व्हायचं. खोकला कापलेल्या जागी तर घर मधेच दचकायचं.

"हे त्यांच्या तोंडी घातल्यासारखं वाटतंय," बाई म्हणाल्या. "कुठून कुठून तुकडे आणून चिकटवल्यासारखं. ऐकणाऱ्या बायका अडाणी नाहीत."

मालकांनी उपाय काढला. परदेशी आवाजांची एक तबकडी त्यांच्याकडे होती. त्यातला झरा आणि पक्षी त्यांनी सगळ्याखाली सोडले. सुरगाण्याच्या पाखरांनी ज्यांना फांदीवर टेकू दिलं नसतं असले पक्षी आजींच्या चुलीवर गाऊ लागले. आणि विहिरी होत्या तिथेच राहिल्या. फक्त आता त्यांच्यात पक्षी पडले होते.

"मग म्हातारीला काढू," मालक म्हणाले. "निवेदिका आणतो. शनिवारी बाई आल्या की निवेदिकेच्या आवाजात ऐकवतो. गोड गळा आहे."

तो गळा मी ऐकला होता. ती नागलीसुद्धा पेढ्यासारखी उच्चारायची.

आजी जाणार, हे मला सहन होईना. मालक दुपारी जेवायला घरी जात आणि झोपून येत. त्या वेळात मी उरलेल्या टेपचं स्पूल लावलं. पहिल्या प्रश्नाच्या आधीचा, 'निरुपयोगी' म्हणून कापून टाकलेला भाग त्यात होता. तीच खोली, तोच मायक्रोफोन त्याच जागी, पातळीही तीच. मला बोलता आलं नव्हतं म्हणून उरलेलं सगळं घर.

दुसऱ्या मशिनवर मी त्याच्या प्रती काढल्या, पक्षी न घातलेल्या पहिल्या टेपमधल्या पांढऱ्या पट्ट्या काढून तेवढ्याच लांबीचे ते तुकडे जोडले. तिरका काप घेतला की एक आवाज संपताना दुसरा सुरू होतो, सांधा कळत नाही. ऐकलं तर विहिरी गेल्या होत्या, पण कोंबडा प्रत्येक वाक्यानंतर आरवत होता, जणू आजींना दाद देतोय. बाकीच्या ठिकाणचा कोंबडा कापला, एकदाच ठेवला. मग कोंबडा नसलेला तोच घराचा आवाज अगदी हलका करून मिक्सरवर सगळ्या बोलण्याखालून सलग सोडला. खोकल्यांच्या जागचे दचके त्यात बुडाले.

शनिवारी निवेदिका जरीची साडी नेसून आली होती. मी माझं स्पूल लावलं. मालक म्हणाले, "अहो, हे नाही—"

"थांबा," बाई म्हणाल्या. शेवटपर्यंत ऐकलं. "हं. आता आजी त्यांच्या घरात बसल्यात. हेच द्या."

"त्याचं काय आहे बाई," मालक लगेच म्हणाले, "नुसत्या खोलीचं रेकॉर्डिंग मी नेहमी करून ठेवतो. लोकांना याचं महत्त्व कळत नाही." किल्ल्या वाजवत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्पूल गुंडाळत होते. त्यानंतर ते प्रत्येक ठिकाणी सगळ्यांना शांततेवर भाषण द्यायचे, मशिन चालू असतानाच.

शिबिराला बाई मला सोबत घेऊन गेल्या. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर स्लाइड, आणि आजींचा आवाज. बायका मान डोलवत होत्या. 'लय घाई करतात' याला तर खसखस पिकली. आजी पुढेच बसल्या होत्या, स्वतःचं बोलणं फारसं मनावर न घेता. मग कोंबडा आरवला आणि त्या ताठ झाल्या.

"ह्यो आमचा कोंबडा नं?" त्या मोठ्याने म्हणाल्या. "तेला तं आमी कवाच खाल्ला!"