व्याह्यांची हद्द

सेलूच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात उधारीचा हिशेब माझ्याकडे असे. दुकानदाराची दोन महिन्यांत जेवढी विक्री, तेवढी त्याची उधारीची हद्द. पैसे फेडायची मुदतही दोन महिन्यांची. पण माल निघाल्यापासून पंधरा दिवसांत दिले तर शेकडा दोन सूट.

परभणीचे एक दुकानदार मालकांचे व्याही होते. मालकांची एकुलती मुलगी त्यांच्या घरी दिलेली. व्याही नव्या बिलाचे पैसे पंधरा दिवसांत आणत, सूट घेत, आणि जुनी बिले तशीच ठेवत. नियमात जुन्या बाकीबद्दल अक्षर नव्हते. इकडे जवस बाजारात यायला लागले होते. रंग घोटायला लागणारे जवसाचे तेल तेव्हाच रोखीने भरले नाही तर पुढे दुप्पट भावाने घ्यावे लागे, नाहीतर घोटणी बंद. म्हणून मी सगळ्या दुकानदारांना नवा नियम कळवला: पैसे आधी जुन्या बिलात जमा होतील, जुनी बाकी असेतो सूट नाही, हद्द भरली की माल नाही.

व्याही दुपारच्या गाडीने आले.

"मुनीम, पैसे मुदतीत आणलेत. सूट कापा अन् तीस डबे बांधा."

"हे जुन्या बिलात जमा होतील, शेटजी. सूट बसत नाही. शिवाय एवढे जमा करूनही हद्द भरलेलीच राहते."

"हद्द शेताला असती. सोयरिकीला कशाची आली?"

मी मालकांकडे पाहिले. ते लाल रंगाचा नमुना फळीवर ओढत होते. तीच रेघ त्यांनी तीनदा ओढली.

व्याही त्यांच्याकडे वळले. "सूनबाई पाडव्याला माहेरी जायचं म्हणायलीय. पण दुकानात माल न्हाई तर आमाला लय पळापळ. कोण आणून सोडणार?"

मालकीणबाई दाराआड होत्या. बांगड्या वाजल्या.

"यांची जुनी बाकी सगळी माझ्या खात्यावर टाका," मालक म्हणाले.

"मालक, तुमच्या खात्यातले पैसे जवसासाठी ठेवलेत."

"ठाऊक आहे. टाका."

मी टाकली. व्याही वहीवर वाकले.

"आता जुनी बाकी न्हाई ना? मंग हे पैसे नव्या बिलाचे. त्यावर शेकडा दोन द्या की! नियम तुमचाच हाय."

नियम माझाच होता आणि त्यांचे बरोबर होते. सूट दिली. हद्दही मोकळी झाली होती, त्यामुळे तीस डबे बांधण्यापासून मला कुणाला अडवता आले नाही.

त्या वर्षी तेल निम्मेच भरता आले. घोटणीवरची दोन माणसे मी घरी पाठवली, आणि तेही मलाच सांगावे लागले.

मुलगी पाडव्याला आली. आईच्या गळ्यात पडून झाल्यावर तिने पदराआडून एक कागद काढला आणि खाली मान घालून माझ्यापुढे धरला. सासऱ्यांची मागणी होती, चाळीस डब्यांची.

"काका, परत जाताना सोबत न्यायला सांगितलंय," ती म्हणाली.

मालकांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. मी गड्याला डबे मोजायला सांगितले.