आप्पासाहेबांच्या पणजोबांचा इंग्रजीतला मृत्यू

खाजाभाईने आप्पासाहेबांच्या पणजोबांना इंग्रजीत मारलं, असं नगरात लोक पुष्कळ दिवस कुजबुजत होते. कुणी म्हणे जुनं वैर होतं, कुणी म्हणे खाजाभाईला मराठी मर्दानगीच सोसत नाही. सांगणाऱ्यांपैकी एकानेही ते इंग्रजी वाचलेलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

गोष्ट एकाहत्तर सालातली. नगरातल्या एका छोट्या संग्रहालयाचे अध्यक्ष आप्पासाहेब. इतिहासाशी त्यांचा संबंध एवढाच, की फोटोत ते नेहमी जुन्या तोफेला टेकून उभे राहत. वेरूळला जाणारे परदेशी पाहुणे वाटेत थांबणार, अशी वर्दी आली आणि साहेबांना इंग्रजी पाट्यांची आठवण झाली. काम खाजाभाईकडे आलं. खाजाभाईची उभी हयात छावणीतल्या कोठारात सामानाच्या इंग्रजी याद्या करण्यात गेली होती. गोरा साहेब तीन ओळींपलीकडे वाचत नाही, एवढं शहाणपण त्याने तिथून आणलं होतं. त्यामुळे मोठमोठ्या शब्दांचा त्याला मनापासून तिटकारा.

मराठी पाट्यांवर आधी दात्याचं नाव, मग त्याच्या पदव्या, मग बापाचं नाव, आणि उरल्या जागेत वस्तू. खाजाभाईने ही उतरंडच उलटी केली. आधी वस्तू काय, मग कशाची, कुठली, कशाला वापरत; दाता शेवटी, बारीक अक्षरात. काळ माहीत नसेल तर लिहायचा नाही. दारावर त्याने लिहिलं, ‘वेलकम. प्लीज बिगिन ऑन द लेफ्ट.’ आत, ‘प्लीज डू नॉट टच.’

पाट्या तपासायला कॉलेजचे प्राध्यापक राधाकृष्ण आले. हे गृहस्थ चहा मागतानाही प्रस्तावना करत.

“खाजाभाई, ह्यात भारदस्तपणा कुठंय?”

“सर, पाहुणा उभ्या उभ्या वाचतो. खुर्ची दिली असती तर भारदस्त लिहिलं असतं.”

प्राध्यापकांनी हात न लावण्याची सूचना स्वतः लिहिली. कायदा, संस्कृती, भावी पिढ्या, सगळं तीत आलं. पासष्ट शब्द झाले. आप्पासाहेबांनी मोजून घेतले आणि खूश झाले.

खरा पेच पडला तो दालनाच्या मधोमध ठेवलेल्या दगडी गोळ्यावर. मराठी पाटी सांगत होती, आप्पासाहेबांच्या पणजोबांनी किल्ल्याच्या लढाईत झेललेला तोफगोळा. झेललेला! खाजाभाई खाली बसला, गोळ्यावरून हात फिरवला. दोन्ही बाजूंना बोटं रुतवायला खाचा पाडलेल्या. तो उठून मनकर्णाबाईंकडे गेला. संग्रहालयाची नोंदवही त्या सांभाळत, आणि तिथे काम करणारं माणूस तेवढंच होतं.

“बाई, वहीत काय हाय?”

बाईंनी पान उघडलं. “एकोणीसशे एकसष्ट. तिसगावच्या तालमीतून. कसरतीची गोटी. आणणारे, आप्पासाहेब.”

“आन् पणजोबा?”

“पणजोबा वहीत आलेच न्हाईत, भाई.”

खाजाभाईने लिहिलं, ‘लिफ्टिंग स्टोन. बेसॉल्ट. तिसगाव. रेसलर्स ट्रेन्ड विथ इट.’ खाली दात्याचं नाव. आप्पासाहेबांनी ते कार्ड दोन बोटांत धरलं, मेलेला उंदीर धरावा तसं.

“हे काय? आमचं घराणं कुठंय ह्यात?”

“साहेब, वहीत असतं तर लिहिलं असतं. मी भाषांतर करतो, भर घालत न्हाई.”

“मग तुझं एकबी कार्ड दालनात लागनार न्हाई. समद्या पाट्या मास्तर लिहितील.”

तीन महिन्यांचं काम कपाटात गेलं. प्राध्यापकांनी गोळ्याला ‘द इमॉर्टल कॅननबॉल ऑफ व्हॅलर’ करून टाकलं, पणजोबांच्या पदव्यांसकट.

पाहुणे आले. सूचनेच्या पासष्ट शब्दांतले दहा वाचून त्यांनी मान फिरवली. ‘हात लावू नये’ हे सेहेचाळिसाव्या शब्दानंतर येत होतं. एक उंचापुरा गडी गोळ्यापाशी थांबला, वाकला, आणि त्याची बोटं आपसूक खाचांत बसली. त्याने गोळा गुडघ्यापर्यंत उचलला आणि हसत विचारलं, तोफगोळ्याला धरायला खाचा कशाला? एवढा गोळा उडवणारी तोफ कुठंय? प्राध्यापक प्रस्तावना करू लागले. बाकीचे पाहुणे हसू लागले. आप्पासाहेब घामाघूम.

पाहुणे चहाला गेले तसे आप्पासाहेब खाजाभाईला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “भाई, तुझी कार्डं काढ बाबा. लई शोभा झाली.”

चहा संपायच्या आत खाजाभाई आणि मनकर्णाबाईंनी सगळी कार्डं लावली. जाताना त्या उंच पाहुण्याने गोटीचं कार्ड वाचलं, मान डोलावली आणि खिशातल्या वहीत ‘तिसगाव’ टिपून घेतलं.

पुढे पणजोबा गेले कुठे, असं कुणी विचारलं की आप्पासाहेब खाजाभाईकडे बोट दाखवत.

खरं तर पाहुणे आले त्याच दिवशी मराठी पाटीवरचं पणजोबांचं नाव आप्पासाहेबांनी स्वतःच्या पेनाने खोडलं. खाजाभाईच्या हातात तेव्हा पेन नव्हतं.