बिराप्पा अण्णांची खूण आणि तिच्यावर मारलेला रंग

शाल आणायला तुम्हाला वेळ मिळाला, फेटा बांधणारा माणूस सोलापुरातून बोलावला, मांडववाल्याला सांगून झालं, आणि अण्णांनी दोन वर्षं मागितलेलं एक काम मात्र तसंच पडलेलं आहे. वर तुमच्या सत्कार कमिटीची माणसं माझ्या मशीनपाशी येऊन म्हणतात, "मंगलताई, अण्णांवर चार चांगल्या ओळी लिहा." लिहिते की. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळे गोड लिहायला जमत नाही. जे झालं तेच लिहिते.

बिराप्पा अण्णा पुजारी मूळचे मंद्रूपकडचे. घरी अजून मेंढरं आहेत. चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात ते रात्रपाळीचे मेकॅनिक. यंदा त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली आणि ते निवृत्त होत आहेत, म्हणून हे गौरवाचं पुस्तक.

माझी त्यांची पहिली ओळख भांडणाची. मी शिलाईखात्यात नवीन होते. मशीनच्या पट्ट्यावरची जाळी कुणीतरी काढून ठेवली होती आणि मी तशीच बसले. अण्णा आले, बटण बंद केलं आणि म्हणाले, "उठा." मी म्हटलं, "माझा माल राहील." ते म्हणाले, "माल ऱ्हाऊ दे. पदर आत गेला तर तुमी ऱ्हाणार न्हाय." जाळी सापडून बसेपर्यंत त्यांनी मला बटणाला हात लावू दिला नाही. मला लई राग आला होता. तो राग चुकीचा होता हे कळायला एक पाळी पुरली.

त्यांची सवय सगळ्यांना ठाऊक आहे. कुठलंही यंत्र बघायचं तर ते आधी त्याच्या पायाला तळहात लावतात. माझ्या घरची पाण्याची मोटर बंद पडली तेव्हा आले, चहा पुढे केला तर म्हणाले, "आधी हिचे पाय बघू." माझ्या लेकीच्या लग्नात सगळे जेवत होते आणि अण्णा जनरेटरखाली विटा सरकवत होते. जेवायला बसवायला नवरदेवाला पाठवावं लागलं.

आता दोन वर्षांमागच्या थरथरीचं सांगते. आमच्या शिलाईखात्याच्या भिंतीपलीकडे बॉयलरचा मोठा पंखा आहे. धूर ओढून चिमणीत सोडतो तो. मधे एकदा असं सुरू झालं की रात्रपाळीत आमची टेबलं थरथरायची. पेल्यातलं पाणी हलायचं, टॉवेलची कड वाकडी जायची, सुया तुटायच्या. सगळ्यात जास्त शेवंताच्या, कारण तिचं टेबल भिंतीला लागून. सुपरवायझर तिला म्हणाला, "झोप येतीय व्हय गं? घरी जाऊन झोप की." तिला कामावरून काढायचं ठरलं होतं. नवरा नसलेली बाई, पोरं शाळेत.

इनामदार साहेब आमचे इंजिनिअर. त्यांनी दिवसा येऊन पंखा तपासला, बेअरिंग बदललं, पात्यांचा तोल करून घेतला. दिवसा सगळं ठीक. रात्री परत तेच.

मग एका रात्री अण्णांनी शेवंताच्या टेबलाला हात लावला, मग फरशीला, मग भिंतीला, आणि तसेच पलीकडे पंख्यापाशी गेले. मीही मागे गेले, माझ्याच टेबलाचा प्रश्न होता. पंखा आणि मोटर एका लोखंडी चौकटीवर बसवलेली, आणि ती चौकट चार कोपऱ्यांना बोल्टनं काँक्रीटच्या पायात आवळलेली. कंप मोजायचं पेनासारखं यंत्र अण्णांनी आधी बेअरिंगला लावलं, मग प्रत्येक कोपऱ्यात दोनदा, एकदा चौकटीवर आणि एकदा खालच्या काँक्रीटवर. तीन कोपऱ्यांत चौकट आणि काँक्रीट जवळजवळ सारखंच दाखवत होते. भिंतीकडच्या मागच्या कोपऱ्यात चौकट उड्या मारत होती आणि काँक्रीट त्या मानानं गप्प.

"हितं बोट ठेवा," ते मला म्हणाले. "अर्धं लोखंडावर, अर्धं सिमेंटवर." ठेवलं. अर्ध्या बोटाला मार बसत होता, अर्ध्याला नाही. सांध्यात तेल साचलं होतं, त्यातून बुडबुडे येत आणि परत आत जात, जसं काही ती चौकट श्वास घेत होती.

रंगखात्याचा मास्तर ओरडत आला, "पंखा बंद केला तर वाफ जाईल, माझा रंगातला घाणा नासेल." अण्णांनी भांडण केलं नाही. पंख्याचा वेग कमी करायला लावला. थरथर बसली. तेव्हाच त्यांनी ओळखलं: दिवसा रंगाईचं काम थोडं, पंखा हळू, म्हणून साहेबांना काही दिसत नव्हतं. रात्री रंगाची सगळी भांडी चालू, पंखा पूर्ण वेगात, आणि त्या वेगाला सैल कोपरा तग धरत नव्हता. मास्तरचा घाणा उतरल्यावर बॉयलर थंड करून पंखा थांबवला, मधेच कुणी चालू करू नये म्हणून स्विचला स्वतःचं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली.

मग नटावरचा रंग खरवडला. दर खंडेनवमीला आपण यंत्रं पाण्यानं धुतो आणि वरून रंग मारतो, वर्षानुवर्षं. रंगाचा इतका जाड थर की नट आणि चौकट एकच दिसत होते. आत नट सैल, बोटानं फिरला. धुतलेलं पाणी आणि गळलेलं तेल सांध्यात मुरून चौकटीखालचं सिमेंट भुगा झालं होतं. अण्णांनी नुसता आवळला नाही. "तसंच आवळलं तर चौकट वाकंल," म्हणाले. मापाच्या पातळ पट्ट्या घालून फट मोजली, तेवढ्याच जाडीचे लोखंडी तुकडे चौकटीखाली सरकवले, मग पाना लावला. पंखा पूर्ण वेगात सुरू केला. माझ्या पेल्यातलं पाणी हललं नाही.

इनामदार साहेबांना त्यांनी रात्रीच बोलावलं. साहेबांनी स्वतः कोपऱ्याला हात लावला आणि म्हणाले, "मी नेहमी दिवसा बघत राहिलो." अण्णांनी सुपरवायझरला शेवंताच्या टेबलापाशी आणून सगळ्यांसमोर सांगितलं, "हिची झोप न्हवती, बोल्ट सैल हुता." शेवंता आजही त्याच टेबलावर आहे.

पण त्याच रात्री अण्णांनी हेही सांगितलं की हे तात्पुरतं आहे. तो कोपरा फोडून, बोल्ट नव्यानं बसवून, आक्रसणार नाही असं सिमेंट भरायला पाहिजे, नाहीतर नट पुन्हा सैल होणार. साहेबांनीही तेच वर कळवलं. वरून उत्तर आलं, "चालतंय ना?" चालतंय, कारण अण्णांनी नटावरून चौकटीवर पांढरी रेघ ओढली आणि रोज पाळीला आल्यावर रेघ सरळ आहे का बघतात. सरकली म्हणजे नट फिरला, मग आवळतात. आणि गेल्या खंडेनवमीला तुम्ही त्या रेघेवरही रंग मारलात. अण्णांनी रंग खरवडला आणि रेघ पुन्हा ओढली. मी बोलले. माझं कुणी ऐकलं नाही.

आता अण्णा घरी जातील. रेघ कोण बघणार? भिंतीला शेवंता बसते, तिच्या शेजारी मी.

अण्णा, तुम्ही पुष्कळ जगा. गुडघे धड राहोत, मेंढरांमागे निवांत फिरा, रात्रीची झोप आता रात्रीच घ्या. आम्हा बायांकडून हेच मागणं.

आणि हे पुस्तक छापणाऱ्या कमिटीला आणि व्यासपीठावर बसलेल्या मालकांना माझं विचारणं आहे. पंख्याच्या पायाचा तो कोपरा फोडून नव्यानं कधी भरणार? येत्या खंडेनवमीला रंगाचा डबा उघडायच्या आधी मला उत्तर पाहिजे. तोंडी नको, शिलाईखात्याच्या फळ्यावर लिहून पाहिजे, म्हणजे शेवंतालाही वाचता येईल.