गेले आणि गेली

धुळ्याहून फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. माझं आठवणींचं पुस्तक तिथली एक साहित्य संस्था काढणार होती. हस्तलिखित देऊन पाच महिने झाले होते, म्हणून मला वाटलं तपासायची मुद्रितं तयार झाली. फोनवर संस्थेचे संपादक होते. म्हणाले, "बाई, एक अडचण आहे. तुमची तीन प्रकरणं आम्ही तपासणीच्या साइटवर टाकली. ती सांगते, हे यंत्राने लिहिलेलं आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी तीस वर्षं फैजपुरात मराठी शिकवलं, निवृत्त होऊन जळगावात आले, आणि आजही फोनवर मराठी टाइप करताना माझी बोटं अडखळतात. सगळं हस्तलिखित मी वहीत लिहिलं होतं आणि सूनबाईने टाइप करून दिलं होतं. तसं सांगितलं, तर ते म्हणाले, "वहीत काय, यंत्राचंही उतरवून काढता येतं. असली यंत्रं नव्हती तेव्हाचं काही लिखाण असेल तर आणा. जुळलं, तर पुस्तक निघेल." आणि नाही जुळलं तर? ते त्यांनी सांगितलं नाही. पण खान्देशात लिहिणारी माणसं ती किती, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं असतं की बाई यंत्राकडून लिहून घेतात.

जुनं लिखाण माझ्याकडे भरपूर होतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी जळगावच्या एका दैनिकात मी दर रविवारी सदर लिहायचे. आठ वर्षं लिहिलं. तेव्हा यंत्र म्हणजे शिवणयंत्र. सगळी कात्रणं चिकटवून ठेवलेली होती. ती घेऊन मी धुळ्याची एसटी पकडली. एरंडोल, पारोळा करत पोहोचेपर्यंत मनात भांडणाची तयारी पूर्ण झाली होती.

खोलीत संपादक होते आणि एक प्राध्यापिका. भाषा हा तिचा विषय. तिने कात्रणं हातात घेतली आणि मी काय लिहिलंय ते वाचायच्या आधी बारीकसारीक शब्दच मोजायला लागली. मी 'पण' कुठे घालते, 'तर' किती वेळा येतो, वाक्य किती लांब जातं, 'च' कशाला चिकटतो. "विषय कोणालाही उचलता येतो, ही सवय नाही उचलता येत सहजासहजी," ती म्हणाली. तासाभराने म्हणाली, "जुळतंय."

मी पिशवी आवरायला लागले, तेवढ्यात संपादक म्हणाले, "थांबा. ही छापील कात्रणं आहेत. छापायला जाण्याआधी मजकूर उपसंपादकाच्या हाताखालून जातो. या दैनिकात ते टेबल मीच सांभाळायचो. हे जे जुळतंय ते बाईंचं नसेल, आमच्या टेबलाचं असेल. कोणाचाही हात न लागलेली पानं आणा."

तेव्हा मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. केस गेले होते, चष्मा जाड झाला होता, पण हेच ते दैनिकातले उपसंपादक, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे. माझ्या सदरावर आठ वर्षं लाल शाईने कात्री चालवणारे. त्यांना मी आठवत नव्हते. आणि राग येण्यासारखी गोष्ट ही की त्यांचं म्हणणं बरोबर होतं. प्राध्यापिकाही मान हलवत होती.

मी घरी परतले. माळ्यावरच्या गोणीत ती पानं होती. दैनिकात मजकूर छापून आला की माझी हाताने लिहिलेली पानं मी महिन्याच्या महिन्याला मागून आणायचे. मास्तरणीची खोड, दुसरं काय. चूक कुठे झाली ते बघायचं. पानं चाळायला बसले, ती शेवटचं पान वाचूनच उठले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा धुळे. टेबलावर मी गोणीच उपडी केली. पाणी घेऊन आलेल्या शिपाईबाबांनी विचारलं, "अक्का, बठ्ठा कागद तुमनाच शेतस का?"

"सगळे माझेच," मी म्हटलं. "वरची लाल शाई तेवढी यांची."

संपादकांनी सर्वांत जुनं पान उचललं. शाईखालचं माझं वाक्य वाचलं: 'मी बाजारात गेली.' दुसरं: 'मी आजारी पडली.' मान वर करून ते म्हणाले, "बघा! इथे सगळीकडे गेली, आली, पडली. आणि पुस्तकात गेले, आले, पडले. कुठे जुळतंय?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

"जुळत नाहीच," मी म्हटलं. "आमच्याकडे बाई 'मी गेली'च म्हणते. माझी आई म्हणायची, मी म्हणायची. तुम्ही प्रत्येक 'गेली'वर फुली मारून वर 'गेले' लिहीत होतात. समासात काय लिहिलंय ते वाचा. मोठ्याने वाचा."

समासात लाल शाईत लिहिलं होतं: 'शिक्षिका असून असे लिहिता?' आणि त्याच्या खाली माझ्या निळ्या अक्षरात 'मी गेले' दहा वेळा. शाळेत पोरांना द्यायचे तशी शिक्षा मी स्वतःलाच दिली होती. त्यांनी मोठ्याने वाचलं नाही. प्राध्यापिकेने वाचलं.

मग मी पानं तारखेने लावली. पहिल्या वर्षीची लालभडक. तिसऱ्या वर्षी निम्मी शाई. शेवटच्या वर्षाच्या पानांवर लाल टिंबही नव्हतं; तिथे मी स्वतःहून 'गेले' लिहीत होते. प्राध्यापिकेने ती शेवटची पानं पुस्तकाशेजारी ठेवली आणि पुन्हा मोजायला बसली. 'पण' आणि 'तर' पहिल्या पानापासून जिथल्या तिथे होते. त्यांना कोणी हात लावला नव्हता.

ती संपादकांना म्हणाली, "सर, याने शंभर टक्के सिद्ध होत नाही. पण शंकेला जागा राहत नाही. आणि मराठीच्या बाबतीत त्या साइटच्या आकड्यावर विसंबून कोणाला चोर ठरवू नये. प्रमाण भाषेत नीटनेटकं लिहिलेलं दिसलं की ती यंत्र म्हणते."

"नीटनेटकं कोणी करायला लावलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. "आधी माझी बोली घासून काढलीत. मी मुकाट्याने शिकले. आता म्हणता, हे फार घासलेलं आहे, माणसाचं वाटत नाही!"

संपादक बराच वेळ पानं उलटत राहिले. मला वाटलं, माफी मागतील. ते म्हणाले, "पण बाई, सुधारणा किती झाली बघा तुमच्यात."

प्राध्यापिकेने डोळे मिटून घेतले. मी हस्तलिखित उचललं, त्यांच्याच टेबलावरचं लाल पेन उचललं आणि म्हटलं, आठ दिवसांत परत देते.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. पारोळा येईपर्यंत पहिलं प्रकरण झालं. गाडी हादरत होती, फुल्या वाकड्या पडत होत्या, पण एकही सोडली नाही. पुस्तक निघालं आहे. त्यात पहिल्या पानापासून मी बाजारात गेली आहे, आजारी पडली आहे, आईच्या मागे रडली आहे. आणि हेही इथेच लिहून ठेवते, कोणाला तपासायचं असेल तर तपासा: माझंच लिखाण माझं आहे हे सांगायला मी दोनदा धुळ्याला गेली.