करिअर्सच्या पत्त्यावर पाठवलेले दोन मेल

बी.एस्सी.चा शेवटचा पेपर झाला तेव्हा मला एकाच ठिकाणी नोकरी हवी होती, आणि तिथे नोकरी नव्हती.

शिवडीला गोदामांच्या रांगेत खाद्यपदार्थ तपासणारी एक प्रयोगशाळा आहे. कंपनीच्या वेबसाइटवर नोकरीचं पान होतं. त्यावर एवढंच लिहिलं होतं, सध्या कोणतीही जागा रिकामी नाही, इच्छुकांनी खालील पत्त्यावर बायोडेटा पाठवावा. खाली ‘करिअर्स’ने सुरू होणारा एक मेलचा पत्ता. माणसाचं नाव कुठेच नाही. मी नेटवर शोधून पाहिलं, तिथे माणसं भरती करणारं कुणी सापडलं नाही. शेवटी धीर करून फोन केला. ऑपरेटर बाई म्हणाल्या, “करिअर्सवर मेल टाका. इथून कोणालाच जोडता येत नाही.” आणि फोन ठेवला.

घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. असा मेल कसा लिहायचा हे भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत विचारायचं कोणाला? दुसरीकडे दादरच्या एका क्लासच्या सरांनी काउंटरवर बसायला बोलावलं होतं. पालकांचे फोन घ्यायचे, बॅचच्या वेळा सांगायच्या. महिनाअखेरीपर्यंत हो की नाही कळव म्हणाले. आईला ते काम फार आवडलं होतं. “पंख्याखाली बसून काम, आणखी काय हवं?” मला मात्र वाटत होतं, एकदा त्या काउंटरवर बसले की परखनळी परत हातात येणार नाही.

मेल लिहायला बसले तेव्हा बाबा शेजारी येऊन बसले. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते, गिरणी बंद होईपर्यंत. सुरुवातीला ते बदली कामगार. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी आत जायचं. नोकरी मागणं म्हणजे काय, हे घरात त्यांनाच ठाऊक होतं.

“काय लिवलंस?” त्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. आदरणीय महोदय, मी रसायनशास्त्राची पदवीधर असून...

“आणि पुढे लिव, खयचाव खाता चलात. माणसान अडून बसू नये गो.”

कुठलंही खातं चालेल, हे मला पटलं. नम्रपणा दिसेल असं वाटलं. मी इंग्रजीत लिहिलं, कोणत्याही विभागात, कोणतंही काम करण्याची तयारी आहे. कोणाच्या बदली तात्पुरतं ठेवलंत तरी चालेल. विषयाच्या ओळीत टाकलं ‘नोकरीसाठी अर्ज’. बायोडेटा जोडला आणि डोळे मिटून बटण दाबलं.

मिनिटभरात उत्तर आलं! मी ओरडलेच. आई स्वयंपाकघरातून धावत आली. उत्तर असं होतं, आपला अर्ज मिळाला, माहिती आमच्याकडे नोंदवून ठेवली आहे, योग्य संधी असल्यास कळवू.

“बघ, नोंदवून ठेवली म्हणतात,” आई म्हणाली.

“आई, ते यंत्राने पाठवलंय. सगळ्यांना तेच जातं.”

“यंत्र झालं तरी उत्तर दिलं ना? तुझ्या मामाने अजून लग्नपत्रिकेचंसुद्धा दिलं नाही.”

आठवडा गेला. वर आणखी तीन दिवस गेले. काही नाही. मी सरांना हो कळवून टाकायचं ठरवलं. त्या संध्याकाळी जेवताना, नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून, बाबांना विचारलं, “तुम्ही गिरणीत लागलात कसे हो?”

बाबा रंगात आले. गेटवर शंभर माणसं. जॉबर, म्हणजे साच्यांवर माणसं लावणारा, बाहेर येऊन विचारायचा, काय येतं रे? सगळे एका सुरात ओरडायचे, काहीपण करू साहेब. तो बघायचा आणि आत जायचा. “बारा दिवस मी पण तसाच वराडलंय. तेराव्या दिवशी म्हटलंय, तुटलेला सूत सांधूक येता, चालत्या साच्यार. त्येना माका बोट दाखवून घेतल्यान.”

“मग मला का सांगितलंत कुठलंही खातं चालेल म्हणून?”

आई जोरात हसली. “आपण सांधायचं सांगून आत गेले, आणि पोरीला वरडायला गेटवर उभं केलं!”

“गप गो,” बाबा म्हणाले, पण तेही हसत होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “तुका काय सांधूक येता?”

मला एक गोष्ट खरंच येत होती. कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी लालबागच्या मिरची गल्लीतून सुट्या तिखटाचे वीस नमुने आणले होते आणि काचपट्टीवरच्या सिलिकाच्या पातळ थरावर त्यांतले रंग वेगळे करून पाहिले होते. मिरचीचा स्वतःचा रंग कुठला आणि वरून घातलेला कुठला, ते मला दाखवता येत होतं. शिंका येऊन येऊन डोळे सुजले होते, पण ते सहा महिने माझे सगळ्यात आनंदाचे. पहिल्या मेलमध्ये याचा एक शब्दही नव्हता.

दुसरा मेल मी आठ ओळींत बसवला. विषयाच्या ओळीत लिहिलं, ‘कनिष्ठ विश्लेषक, मसाले तपासणी : रसायनशास्त्र पदवीधर, तिखटातील रंगांवर प्रकल्प, लगेच रुजू होऊ शकते’. आत काय केलं ते तीन ओळींत. सध्या जागा नाही हे मी वाचलं आहे, तरी हा मेल मसाले तपासणाऱ्या विभागाच्या प्रमुखांकडे पाठवावा, ही विनंती. बायोडेटाबरोबर प्रकल्पाचं एक पान आणि काचपट्टीचा फोटो जोडला.

पुन्हा ते यंत्राचं उत्तर आलं. या वेळी मी ओरडले नाही. आठवडाभर थांबून त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण पाठवली, एकदाच. महिना संपायला पाच दिवस होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. “करिअर्सवर मेल तुम्हीच केला होता ना? मी एचआरमधून बोलतेय. तुमचा पहिला मेलही मी वाचला होता. पण कुठलाही विभाग म्हणजे मी पुढे पाठवायचा कोणाला? दुसरा मात्र लगेच मसाले विभागाच्या मॅडमना पाठवला. त्या सुट्टीवर होत्या, काल तुमचा आठवणीचा मेल आला तेव्हा पुन्हा वर काढून दिला. परवा याल?”

परवा मी गेले. मसाल्यांच्या विभागाच्या मॅडमनी फोटो समोर ठेवला आणि बोट टेकवलं. “हा ठिपका असा लांबट का पसरलाय?”

“नमुना जास्त पडला होता, मॅडम. माझी चूक. पुढच्या पट्टीत कमी घेतला.”

त्या हसल्या. मसाल्यांचं काम वाढतंय, पुढच्या महिन्यात दोन प्रशिक्षणार्थी घ्यायचे ठरले आहेत, जाहिरात अजून निघालेली नाही, असं त्यांनी सांगितलं. मग मला एक नमुना दिला आणि पट्टी तयार करायला लावली. या वेळी नमुना मी बेताचाच टाकला.

नेमणुकीचा मेल महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी आला, खाली खऱ्या माणसाचं नाव असलेला. बाबांनी तो मला तीनदा वाचायला लावला, तिसऱ्यांदा गॅलरीत उभं राहून, मोठ्याने. मग मी दादरला फोन लावला.

“काय मग, उद्यापासून येतेस ना?” सरांनी विचारलं.

“नाही सर,” मी म्हणाले. नकार देताना माझा आवाज नेहमी खाली जातो. त्या दिवशी तो सगळ्या मजल्याला ऐकू गेला. “मला शिवडीला नोकरी लागली. तिखट तपासायची.”